औषधखरेदी करणाऱ्या साहेबांसाठी काही सूचना

ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर परवा पुन्हा तेच ऐकावं लागलं: 'स्टॉक नाही, बाहेरून घ्या.' तेव्हा खरेदीच्या खुर्चीत नव्याने बसलेल्यांसाठी हे मार्गदर्शन.

निविदा नेहमी जुना दरकरार संपल्यावरच काढा. वेळेत काढली तर साठ्यात खंड पडायचा नाही, मग स्थानिक खरेदीने कुणाचं भलं करणार?

मागणी काढताना मागच्या वर्षीचा खप जसाच्या तसा उतरवा. तीन महिने गोळी नव्हतीच म्हणून खप कमी दिसतोय, हे फायलीत कुठे लिहिलेलं असतं?

तांत्रिक लिफाफ्यात डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे कारखान्यात औषध नीट पद्धतीने बनतं याच्या प्रमाणपत्राची प्रत दिसली की टिक करा. मुदत बघू नका.

आता मुख्य कसब. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची गोळी घ्या. यातलं क्लॅव्ह्युलॅनेट ओलाव्याने खराब होतं, म्हणून ती दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पॅकमध्ये हवी. तुम्ही निविदेत फक्त गोळीचं नाव आणि मात्रा लिहा, पॅकिंगचा रकाना कोरा सोडा. मग साध्या प्लास्टिकच्या ब्लिस्टरवाला सहा रुपयांत येईल, नीट पॅक करणारा साडेसहाला अडकेल. किमतीचा लिफाफा उघडला की सगळ्यात कमी दराचा, म्हणजे एल-वन, सहावाला. एक लाख गोळ्यांवर पन्नास हजार वाचले! पेढे वाटा. गोळ्या जुलैत भिंतीला ओल आलेल्या गोदामात ठेवा. नमुना प्रयोगशाळेत पाठवा, पण अहवालाची वाट न बघता वॉर्डात वाटा. कारखान्यातून निघताना गोळी प्रमाणातच होती, पुरवठादाराचा अहवालही खराच आहे. दोन महिन्यांनी 'प्रमाणित दर्जाची नाही' असा कागद येईल तेव्हा परत मागवायला गोळ्याच उरलेल्या नसतील.

आणि समजा, त्या सहावाल्याने साठ हजार गोळ्या देऊन हात वर केले. उरलेल्या चाळीस हजार गोळ्या बाजारातून चौदा रुपयांनी घ्या. म्हणजे गोळीमागे आठ रुपये, एकूण तीन लाख वीस हजार जास्त. पन्नास हजार वाचवले होते ना? फरक पुरवठादाराकडून वसूल करायचं कलम करारात असतं, पण ते वाचायचं नाही. उशिराचा दंडही किरकोळच लावा. त्याचं बिल तुम्ही स्वतः आठ महिने दाबून ठेवलंय, कुठल्या तोंडाने लावणार?

बिल वेळेत मिळत नाही म्हणून चांगल्या कंपन्या निविदाच भरत नाहीत, नाहीतर व्याज दरात धरतात. हे तुम्हाला माहीत नाही? माहीत आहे. पॅकिंग लिहायला एक ओळ लागते. नमुने पुरवठादाराच्या माणसाने नाही, तुमच्या फार्मासिस्टने कुठल्याही खोक्यातून उचलायचे असतात. अहवाल येईपर्यंत त्या बॅचला हात लावायचा नसतो, आणि त्यासाठीच माल संपायच्या आधी मागवायचा असतो. पॅकिंगचे गोळीमागे पन्नास पैसे सोडले तर यातल्या एकाही गोष्टीला जादा निधी लागत नाही. तरी होत नाही, कारण खिडकीवरून चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे तुम्हाला जावं लागत नाही. लाज वाटू द्या जरा.