मागच्या खोलीची भिंत आणि परतीची बस

गाव सोडून शहरात नोकरीला गेलेल्या माणसाच्या मनाची ओढाताण सांगायची म्हटली, की आपण बहुधा आठवणींबद्दल बोलू लागतो. मला ही ओढाताण आठवणींपेक्षा रोजच्या लहानसहान निर्णयांमध्ये अधिक जाणवते. ज्या घराच्या खर्चात आपला वाटा असतो, त्या घरात काल काय घडले हे आपल्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि ज्या शहरात आपण रोज उठतो-झोपतो, तिथली गळकी तोटीसुद्धा ‘घरमालक बघेल’ म्हणून आपण महिनोन्‌महिने तशीच राहू देतो. गेल्या रविवारी गावाहून शहराकडे परतताना बसमध्ये हे मला फार स्पष्टपणे दिसले, म्हणून त्या एका प्रवासाबद्दल सविस्तर लिहीत आहे.

बस दुपारी निघते आणि रात्री उशिरा पोहोचते. बॅग वरच्या फळीवर टाकली होती, पण एक छोटी पिशवी मी मांडीवरच ठेवली होती, कारण तिच्यात बाबांचा चष्मा होता. त्याची डावी दांडी बिजागरीपाशी निखळलेली आहे आणि बाबांनी ती काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन जागच्या जागी बसवली आहे. उजव्या काचेवर अगदी मधोमध बारीक चरे पडले आहेत, कारण चष्मा काढला की तो काचा खाली करून ठेवण्याची त्यांची सवय आहे. निघताना त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तिकडे चांगल्या काचा बसवून मिळतील, घाई नाही.” घाई आहे हे मला ठाऊक आहे, कारण नवा चष्मा हाती येईपर्यंत ते त्याहूनही जुन्या चष्म्यावर दिवस काढणार आहेत.

प्रवासात हा चष्मा मी दोनतीनदा उघडून पाहिला आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली. चष्म्याच्या दुकानात एका यंत्रावर काच ठेवली की तिचा नंबर कळतो, त्यामुळे तशाच नंबरच्या नव्या काचा करून मिळण्यात काहीच अडचण नाही. परंतु तो नंबर काच बनवली त्या वेळचा असतो. त्यानंतर डोळ्यांत किती फरक पडला, हे काच सांगू शकत नाही; त्यासाठी माणसाला समोर बसवून अक्षरे वाचायला लावावी लागतात. बाबा अलीकडे वर्तमानपत्र दूर धरून वाचतात असे आई बोलता बोलता म्हणाली होती. म्हणजे चष्मा माझ्याबरोबर शहरात निघाला होता, आणि ज्यांची तपासणी व्हायला हवी ते डोळे मागे गावात राहिले होते. दुरून घर चालवण्यातली सगळी अडचण मला या एका पिशवीत दिसली. आपल्याकडे वस्तू येतात, फोटो येतात, आकडे येतात. ज्या माणसाबद्दल आणि ज्या जागेबद्दल ठरवायचे, ती मात्र तिथेच असतात.

निम्म्या वाटेवर बस बराच वेळ थांबते. त्याच वेळी शहराकडून गावाकडे जाणारी बसही तिथे आलेली असते. दोन्ही बस भरलेल्या होत्या. या दृश्यामागे एक जुना अभ्यास आहे. अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेच्या आधारे स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे फार दूर न जाता जवळच्या अंतरावरच स्थलांतर करतात, आणि स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर उलट दिशेचाही एक प्रवाह वाहत असतो, ही त्यांतली दोन महत्त्वाची निरीक्षणे. रॅव्हनस्टाइन स्वतः फ्रँकफर्टमध्ये जन्मले आणि तरुणपणी लंडनला येऊन स्थायिक झाले. उलटा प्रवाह असतो हे त्यांनी आकड्यांवरून दाखवले, पण त्या प्रवाहातला माणूस कायमचा परतत आहे की दोन रात्री राहून पुन्हा निघणार आहे, हे अशा आकड्यांतून सहसा कळत नाही. माझ्यासारखी माणसे दोन्ही दिशांच्या बसमध्ये बसलेली असतात आणि कोणत्याच गणनेत धड बसत नाहीत.

याच विषयावरचा आणखी एक विचार मला अधिक पटतो. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ साली अशी मांडणी केली, की गाव सोडणे हा बहुतेक वेळा एकट्या माणसाचा निर्णय नसून कुटुंबाचा निर्णय असतो. घरातली सगळी माणसे एकाच उत्पन्नावर अवलंबून राहिली, तर एका वाईट वर्षात सगळेच अडचणीत येतात. म्हणून कुटुंब एकाला बाहेर पाठवते आणि धोका विभागून घेते. आमच्या घरी असे कोणी शब्दांत मांडले नव्हते, पण झाले नेमके हेच. माझी नोकरी ठरली त्या आठवड्यात दादाने स्वतःसाठी बाहेर काम शोधणे थांबवले. मी जाऊ शकलो तो दादा राहिला म्हणून, आणि माझ्या पगारात त्याच्या राहण्याचा वाटा आहे. हे मी कृतज्ञतेपोटी म्हणत नाही, तो हिशेबच तसा आहे. बाहेर पडलेल्याने घर सावरले असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा घरी थांबलेल्याचे काम कोणाच्या तोंडी येत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बस पुन्हा सुरू झाल्यावर दादाचा फोन आला. विषय मागच्या खोलीच्या भिंतीचा होता. पावसाळ्यापासून त्या भिंतीला ओल आहे, रंगाचे पोपडे सुटत आहेत आणि खालच्या बाजूला गिलावा हाताने खरवडला तरी भुगा होऊन पडतो. दुरुस्तीसाठी मी काही रक्कम बाजूला ठेवली आहे आणि ती छतासाठी वापरायची की भिंतीसाठी, एवढेच ठरायचे होते. दादाने आधी पाठवलेले फोटो मी नीट पाहिले होते, या दोन दिवसांत भिंतीला हात लावूनही पाहिला होता, तरीही मला काही ठरवता येत नव्हते, कारण कोरड्या दिवसांत पाहिलेली ओली भिंत आपली गोष्ट अर्धीच सांगते.

दादाने फोनवर जे सांगितले ते फोटोत येणारे नव्हते. जोराचा पाऊस झाला त्या रात्री छताच्या कडेला पाण्याचा थेंबही दिसत नाही. ओल वर चढते ती पुढच्या काही दिवसांत. ती जमिनीपासून साधारण मांडीपर्यंत येते आणि तिथेच थांबते. तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटते, आणि पाऊस संपून कित्येक दिवस झाले तरी भिंतीचा खालचा भाग गारच लागतो. छतातून पाणी येत असते तर डाग वरून खाली उतरला असता आणि पावसाबरोबर लगेच वाढला असता. ही ओल जमिनीतून, पायाकडून वर येत आहे. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षे माती साचून जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे, आणि दादाच्या मते आधी ती खोदून खाली करावी, पाण्याला उतार द्यावा आणि मगच गिलाव्याला हात लावावा. तसे न करता नवा गिलावा चढवला, तर पुढच्या पावसाळ्यात तोही फुगणार. छतावर खर्च करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हे ऐकताना मला जाणवले, की असे ज्ञान पैशाने किंवा फोनने मिळत नाही. त्याच भिंतीशेजारी एक अख्खा पावसाळा काढावा लागतो. म्हणून माझे मत असे झाले आहे, की दूर राहणाऱ्याने घराबद्दलच्या निर्णयांमध्ये फरक करायला शिकावे. जे रोज पाहिल्याशिवाय कळत नाही, तिथे पैसे देणाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन असू नये. जमीन विकायची का, आईबाबांनी पुढे कुठे राहायचे, अशा सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या प्रश्नांमध्ये मात्र त्याने पूर्णपणे उतरावे, आणि अंतराचे कारण पुढे करू नये. व्यवहारात उलटच घडते. आपण भिंतीच्या रंगावरून फोनवर वाद घालतो आणि आईबाबांचा विषय निघाला की ‘पुढच्या वेळी आलो की बोलू’ म्हणून बाजूला सारतो.

त्यातही ‘तूच ठरव’ हे वाक्य फार जपून वापरायला हवे. त्यात विश्वास असू शकतो, तशी पळवाटही असू शकते. रक्कम किती, ती कधी मिळेल, काम वाढले तर जास्तीचे कोठून येतील हे न सांगता ‘तूच ठरव’ म्हणणे म्हणजे जे काही चुकेल त्याचा दोष घरच्या माणसावर आधीच टाकून ठेवणे. मी दादाला रक्कम सांगितली, ती कोणत्या आठवड्यात पाठवीन ते सांगितले, आणि खोदल्यावर पायाचे काम निघाले तर त्याची सोय दोघांनी मिळून करू असेही सांगितले.

पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधक-समुपदेशक बाईंनी ज्याला पूर्णविराम मिळत नाही अशा विरहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात माणूस शरीराने दूर असतो पण घरच्यांच्या मनात हजर असतो, आणि दुसऱ्यात तो समोर असतो पण मनाने तिथे नसतो. त्यांचे सुरुवातीचे काम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर होते, त्या दुःखाशी माझी बरोबरी होऊच शकत नाही. तरीही आपली स्थिती समजून घ्यायला ही विभागणी मला उपयोगी वाटते. गावी माझी अनुपस्थिती पहिल्या प्रकारची आहे आणि शहरात दुसऱ्या. पहिलीचा त्रास आईबाबांना होतो, दुसरीचा माझ्याबरोबर राहणाऱ्यांना, आणि या दुसऱ्या माणसांची दखल आपण फार क्वचित घेतो. माझ्या खोलीतला सोबती मी गावाहून परतलो की दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलतो. मी अजून पोहोचलेलो नसतो हे तो ओळखून आहे.

दादाने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पैशाचे झाले रे. भिंतीची माती काढायला घेईन तेव्हा तू चार दिवस ये. पाया उघडल्यावर तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे पुढच्या वेळी मला एवढे समजवावे लागणार नाही. आणि बाबांच्या काचा आताच करू नकोस. तू येशील तेव्हा त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मग काय तो नंबर धर.”

मी त्याला काम सुरू करण्याची तारीख विचारली. ती आमच्या कार्यालयातल्या सर्वांत धावपळीच्या आठवड्यात येते. बस शहरात शिरायच्या आतच मी वरिष्ठांना रजेचा अर्ज पाठवला, आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असे मोघम न लिहिता ‘घराच्या पायाची दुरुस्ती आणि वडिलांची नेत्रतपासणी’ असे लिहिले. फक्त दांडी बसवून घेऊन चष्मा मी उद्याच परत पाठवतो आहे.