पान कुणी फाडलं?

गज्या संध्याकाळचा शो बघून थेट कट्ट्यावर आला तेव्हा त्याच्या अंगात अजून पिक्चर होता. कोणता पिक्चर ते सांगत नाही, तुम्हीही बघितलाच असेल. हेलिकॉप्टर, बर्फ, आपला हीरो, आणि शेजारच्या देशाची एक नदी त्यात पेटलेली. नदी कशी पेटते, हे विचारायचं नसतं.

कट्टा म्हणजे वसमत रोडला वैशालीच्या झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा. रात्री नवाला ती शटर अर्धं ओढते, आत हिशेब करत बसते, आणि आमचं तोंड बाहेर सुरू होतं.

"काका, काय पिक्चर आहे! पुलावरून ट्रक येतो, ह्यो असा, ढिश्क्याव! गडी खिडकीतून बाहेर, मागून गाडी फुटली, धडाम!" गज्या बोलताना दोन्ही हातांनी स्फोट करतो. सलीमसरांचा चहा त्यात सांडला. दर पिक्चरला सांडतो.

भास्करकाकांनी तंबाखू मळत विचारलं, "आणि त्यानं हेरगिरी कधी केली?"

"म्हंजे?"

"हेर आहे म्हनलास ना. मग काय हेरलं त्यानं? सगळ्या जगाला दिसतोय, धूर काढत फिरायलाय. त्याला हेर म्हणायचं की अग्निशामक दल?"

काका चौतीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. त्यांचं जगाबद्दल एकच मत आहे, की माणूस खोटं बोलतो आणि कागदही खोटं बोलतो, पण कागदाला खोटं बोलताना आवक क्रमांक लागतो. सलीमसरांनी त्यांना मागच्या वर्षी 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' दाखवला, 2011चा, गॅरी ओल्डमनवाला. तेव्हापासून काका बिघडले. तीनदा बघितला, मग 1979ची बीबीसीची सात भागांची मालिकाही संपवली. त्यात म्हातारा हेर झालेल्या ॲलेक गिनेसला ते 'आमचे नायब' म्हणतात.

"तो? तो मीबी लावला होता," गज्या म्हणाला. "अर्धा तास झाला तरी एक म्हातारा चष्मा पुसायलाय. झोप लागली. उठलो तर अजून पुसायलाच लागलेला."

"तुला झोप लागली, कारण तुला पिशवी दिसली नाही."

"कोणती पिशवी?"

काकांना हेच हवं होतं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गोष्ट सांगायला घेतली. तुम्हाला माहीत असेल तर एक परिच्छेद सोडून पुढे या.

इंग्रजांच्या गुप्तचर खात्यात वरच्या खुर्चीवरचाच एक माणूस रशियाचा आहे. संशयित चार-पाच, आणि सगळे साहेब लोक. त्याला शोधायचं काम स्मायली नावाच्या, घरी बसवलेल्या जुन्या अधिकाऱ्याकडे येतं. "आता अडचण बघ," काका म्हणाले. "त्याला कुणाला विचारता येत नाही. ज्याला विचारेल तोच चोर निघायचा. फाइल मागवता येत नाही, कारण फाइल मागितली की रजिस्टरला सही होते, आणि ते रजिस्टर कोण बघतं? साहेब. म्हणजे चोराला पत्ता लागू न देता चोराच्याच कपाटातला कागद काढायचा. मग काय करतो? आत नोकरीला असलेला आपला एक पोरगा पाठवतो चोरायला."

"हा, मग तिथं मारामारी पायजे!"

"तिथं पिशवी आहे. रेकॉर्डमध्ये जाताना पिशवी बाहेर काउंटरवर ठेवायची, असा नियम. आमच्याकडंबी होता. आता फाइल न्यायची तर पिशवी आत पायजे. मग बाहेरून एक फोन येतो, गॅरेजवाला बोलतोय म्हणून, तुमच्या गाडीचं असं असं झालंय. फोन खोटा, तो स्मायलीचाच माणूस. त्या निमित्तानं पोरगा पिशवी आत मागवून घेतो, बोलता बोलता कागद पिशवीत जातो. शांतपणे. एकाचाही श्वास वाढत नाही. आणि निघायला लागला की वरून निरोप, साहेबांनी बोलावलंय. आता तो वर साहेबांसमोर बसलाय, साहेब दुसरंच काही विचारायलेत, आणि चोरलेला कागद पिशवीत. खोलीतल्या कुणाला माहीत नाही. पण आपल्याला माहितंय!"

काका थांबले. रिक्षा गेली एक. गज्यासुद्धा गप्प होता, हे नोंदवून ठेवतो.

"आता त्याला ट्रकमागं पळव," काका हळूच म्हणाले. "पळव की. काय होईल? तो पळेल, तू पॉपकॉर्न खाशील. ट्रक हुकला की भीती संपली. पिशवी कधी हुकते?"

सलीमसर शाळेत इंग्रजी शिकवतात आणि कुठंही शिकवतात. त्यांनी भर घातली, की हे लिहिणारा ल कॅरे स्वतः एमआय फाइव्ह आणि एमआय सिक्स या इंग्रजांच्या गुप्तचर खात्यांत नोकरी केलेला माणूस. कादंबरी 1974ची. त्याच्या आधी 1963च्या जानेवारीत इंग्रजांचाच, पण रशियाला फितूर झालेला हेर किम फिल्बी बैरूतमधून मॉस्कोला पळाला होता, तोही असाच आतला, वरचा, सगळ्यांचा मित्र. "म्हणून त्यात पाठलाग नाही," सर म्हणाले. "खऱ्या प्रकरणात दगा देणारा उघडा पडेपर्यंत पळत नसतो हो. तो रोज दहाला ऑफिसला येतो, तुमच्याच टेबलावर चहा पितो."

"म्हणजे तुमच्या स्टाफरूमसारखं," आतून वैशाली.

सर गप्प. त्यांच्या बढतीच्या वर्षीचं एक प्रकरण आहे, ते कट्ट्याला पाठ आहे. इथं लिहीत नाही.

"बरं, कागद चोरला. त्यात काय निघालं?" गज्यानं विचारलं. आवाजात नाही म्हणलं तरी उत्सुकता होती.

"काही नाही निघालं."

"हे बघा! मी काय म्हनतो, दोन तास..."

"अरे ऐक. परदेशात एका माणसाला कळतं, की आपल्या खात्यात वरचा कुणीतरी फितूर आहे. तो रातोरात लंडनला तार करतो. लंडनचं म्हणणं, असलं काही खास आलंच नाही. म्हणजे एकतर हा खोटा, नाहीतर ऑफिस खोटं. रात्री ड्यूटीवर जो असतो तो आलेलं सगळं वहीत लिहितो. ती वही त्या पोरानं आणलेली. उघडली, तर नेमक्या त्या रात्रीची पानं ब्लेडनं कापलेली."

काकांनी हात झटकले. "झालं. मला तिथं टाळी वाजवावी वाटली."

"टाळी? पुरावाच गेला की!"

"हाच पुरावा! पान असतं आणि त्यावर नोंद नसती, तर परदेशातला तो माणूस खोटा ठरला असता. पान असतं आणि नोंद असती, तर कुणीतरी विसरलं म्हणले असते. पान नाही, म्हणजे नोंद होती, आणि ती नको असलेला माणूस त्या वहीपर्यंत पोचू शकतो. बाहेरच्या रशियाला लंडनमधली वही कापता येते का? आतलाच. फक्त कोण, ते पान सांगत नाही. तिथून पुढं अजून तासभर माणसं बोलत बसतात. एकच रात्र चार जणांच्या तोंडून. प्रत्येकाची थोडी वेगळी. त्या वेगळेपणात तो बसलेला असतो."

मग गाडी घसरली ती आमच्याकडच्या कागदांवर. घसरणारच. कुणबी नोंदींच्या वेळी अख्खा मराठवाडा रेकॉर्ड रूमच्या दारात उभा होता, मोडी वाचणाऱ्याला जावयासारखं जेवण होतं. सलीमसरांच्या आजोबांच्या जमिनीचा फेरफार ज्या रजिस्टरात होता त्याचं पानच एका ऑफिसात गायब निघालं. कोणतं ऑफिस ते विचारू नका, सरांना अजून तिथं कामासाठी जावं लागतं. शेवटी 1954-55च्या खासरा पत्रकाची नक्कल एका ट्रंकेत सापडली, ती पण आजीच्या लुगड्याखाली, म्हणून निभावलं.

"म्हणून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहितात," काका म्हणाले. "'या नोंदवहीत एक ते दोनशे पाने आहेत', खाली साहेबाची सही. पोरं हसायची, काका पानं मोजायलेत म्हणून. मोजली की हो! शिवलेली वही असेल तर अजून सोपं. एक पान ओढून काढलं की दोऱ्याच्या पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. ब्लेडनं कापलं तर देठ राहतो, चिमटीत लागतो."

मला विचाराल तर हळू पिक्चरचं सगळंच सोनं नसतं. अंधाऱ्या खोलीत दोघं सिगारेट ओढत बसले, तिसरा पावसाकडं बघतोय, असले दहा मी सोसलेत. त्यात प्रत्येक बोलण्यानंतर कुणाला काय नवं कळलं ते बघायचं. कुणालाच काही कळलं नसेल तर तो नुसता हळू आहे. गज्याचंही एक खरं आहे, दोन तासांचा पिक्चर पहिल्यांदा डोक्यात बसत नाही, नावंच इतकी आहेत. मालिकेला सात भाग मिळाले म्हणून ती श्वास घेते. हे मी कट्ट्यावर बोललो नाही. काकांपुढं गज्याची बाजू घेणं जिवावर येतं.

"शेवटी फितूर कोण?" गज्या.

"बघ."

"सांगा की."

"सांगितलं तर तू बघणार नाहीस. एवढं सांगतो, तिथंबी धावपळ नाही. एक तार पाठवतात, मुद्दाम घाबरवणारी, आणि अंधारात एका घरात बसून राहतात, कोण घाबरून येतो बघत."

तेवढ्यात वैशाली उधारीची वही घेऊन बाहेर आली. "तार नाही, वही आणलीय. गजूभाऊ, तीनशे चाळीस रुपये. गाडी ट्रान्सफरचे फॉर्म, रंगीत आधार, लॅमिनेशन."

"ताई, दाखवा कुठं लिहिलंय."

तिनं पानं उलटली. जूनच्या मध्यावर होतं ते पान नव्हतं.

"नाही ना?" गज्या खुलला. "पान नाही म्हंजे उधारी नाही. कागदावर नाही ते नाही. काका, तुम्हीच म्हनता."

काकांनी वही मागून घेतली. चष्मा पुसला. खरं सांगतो, त्या क्षणी ते गिनेसच दिसले. वही झटकली तर मागच्या बाजूचं एक पान अलगद ओट्यावर पडलं. "जोडपान," काका म्हणाले. "ओढून काढलंय. ब्लेड नाही, घाई." मग पुढचं कोरं पान दिव्याखाली तिरकं धरलं. "बॉलपेन दाबून लिहिलंय तिनं. खालच्या पानावर उठलंय. पेन्सिल द्या कुणीतरी."

वैशालीनं पेन्सिल दिली. काकांनी ती आडवी धरून अगदी हलक्या हातानं करड्या रेघोट्या मारायला सुरुवात केली. आम्ही सगळे वाकलो. गज्याच्या कपाळावर घाम होता, मी बघितला. आधी एक तीन उमटला. मग 'लॅमि'. मग त्याच्या वरची ओळ उमटायला लागली. भा. स्क. मग 'र'. 'भास्करकाका, पेन्शनचे कागद, 42 प्रती, दोन रुपयांप्रमाणे.'

काकांचा हात थांबला.

"पेन्सिलचं टोक गेलं वाटतं," ते म्हणाले.

"टोक आहे की काका," वैशाली शांतपणे म्हणाली. "मारा पुढं. त्याच्यावर अजून एक नाव आहे, मला आठवतंय."

सलीमसर घड्याळ बघत उठले, सकाळची शाळा आहे म्हणाले. उद्या रविवार होता.

गज्यानं दोन्ही हात वर केले. "ढिश्क्याव!"