ब्रॉयलरच्या शेडमध्ये हार्मोन कुठे आहे?

"ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत दोन किलोची होते ती हार्मोनच्या इंजेक्शनमुळे. तेच हार्मोन चिकनमधून आपल्या अंगात जातात, म्हणून मुलींना नवव्या-दहाव्या वर्षी पाळी येते. प्रोटीन हवं तर अंडी आणि मासे खा, चिकन घरात आणू नका. सगळ्यांना पाठवा."

गेल्या महिन्यात माझी शेजारीण हा मेसेज घेऊन आली. तिला दहा वर्षांची मुलगी आहे आणि तिने घरात चिकन बंद करून टाकलं होतं. मी पशुवैद्यक आहे. जुन्नर-खेडच्या बाजूला कंत्राटी पोल्ट्रीच्या शेडवर बरीच वर्षं फिरले आहे. तिला जे सांगितलं तेच इथे नीट मांडते, कारण असल्या मेसेजमुळे वाढत्या मुलींच्या ताटातलं चांगलं अन्न जातं, आणि ज्याची काळजी खरंच करायला हवी ते बाजूला राहतं.

सुरुवात इंजेक्शनपासून करू. वाढीचं हार्मोन हे एक प्रोटीन आहे. ते खाद्यात मिसळलं तर कोंबडीच्या पोटात डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून जाईल, म्हणजे टोचण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. शिवाय ते रक्तात फार वेळ टिकत नाही, त्यामुळे एकदा टोचून भागणार नाही, पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. आता आपल्याकडची एक साधी शेड घ्या, ३,००० पक्ष्यांची. एक पक्षी पकडायचा, टोचायचा आणि सोडायचा, याला दहा सेकंद धरले तरी ३०,००० सेकंद होतात, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. अशी शेड बहुतेक वेळा नवरा-बायको मिळून सांभाळतात. पाणी, खाद्य, तूस हलवणं, पडदे वर-खाली करणं यातच त्यांचा दिवस जातो. त्यात मोठा झालेला ब्रॉयलर पकडायला गेलं की बाकीचे पक्षी घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. रोज हे केलं तर बॅच विकण्याआधीच निम्मी होईल. कंत्राटी शेतकऱ्याला किलोमागे काही रुपये संगोपन खर्च मिळतो आणि मर वाढली की तोही कापला जातो. शिवाय कोंबडीसाठी असं हार्मोन बाजारात विकायलाच नाही, आणि प्रयोगशाळेत ते टोचून पाहिलं तेव्हा ब्रॉयलरच्या वाढीत म्हणावा असा फरक पडला नाही.

मग लोक जे टोचताना पाहतात ते काय? ती लस असते. हॅचरीत पहिल्याच दिवशी पिल्लाच्या मानेत मरेक्सची लस देतात. पाच-सात दिवसांचं झालं की मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून देतात. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास गंबोरोची लस बहुधा पिण्याच्या पाण्यातून दिली जाते. एखाद्याने मोबाइलवर शूटिंग केलं की त्यात एवढंच दिसतं: एक माणूस, एक पिल्लू आणि हातात काहीतरी औषध.

तरीही चाळीस दिवसांत दोन किलो हे अजब वाटतंच, आणि वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर जातीत आहे. अमेरिकेत १९४८ साली, जास्त मांस देणारी कोंबडी कोण पैदा करतं याची देशभर स्पर्धा झाली. तेव्हापासून दर पिढीत सगळ्यात लवकर वाढणारे, रुंद छातीचे आणि कमी खाद्यात वजन धरणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास होत आली आहे. कोंबडीची पिढी वर्षभराच्या आत बदलते, म्हणून माणसाच्या एका आयुष्यात निवडीच्या साठ-सत्तर फेऱ्या होऊन जातात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जुन्या जाती जपून ठेवल्या होत्या. तिथल्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ च्या जाती एकाच पद्धतीने, एकच खाद्य देऊन वाढवल्या आणि २०१४ मध्ये निकाल छापला. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम होता, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. हार्मोन कोणालाच दिलेलं नव्हतं.

हीच गोष्ट मी आमच्याकडे डोळ्यांनी पाहिली आहे. अंड्याच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीला नको असतात. एका शेतकऱ्याने असे वीसेक नर आणून ब्रॉयलरच्याच शेडमध्ये जाळी लावून वेगळे ठेवले होते. खाद्य तेच, पाणी तेच, दिवेही तेच. चाळिसाव्या दिवशी जाळीच्या अलीकडचा ब्रॉयलर दोन किलोच्या पुढे गेला होता आणि पलीकडचा नर अर्ध्या किलोच्या आसपास रेंगाळत होता. वाढ खाद्यातल्या कशामुळे झाली असती तर ती दोघांचीही झाली असती.

या वाढीची किंमत मात्र पक्षी मोजतो, हे लपवायचं कारण नाही. मांस भराभर वाढतं, हृदय आणि पाय त्या मानाने मागे पडतात. शेवटच्या आठवड्यात पोटात पाणी होऊन मेलेले किंवा पायावर उभे राहू न शकणारे पक्षी प्रत्येक सुपरवायझरला माहीत असतात. ब्रॉयलर खाऊ नये असं या कारणासाठी कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

हार्मोनची गोष्ट हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. १९४० च्या दशकात अमेरिकेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाच्या कृत्रिम इस्ट्रोजेनची गोळी कोंबड्याच्या मानेत, कातडीखाली बसवत असत. त्याने कोंबडा लठ्ठ आणि मऊ मांसाचा व्हायचा. १९५९ मध्ये कोंबड्यांसाठी त्याचा वापर तिथे बंद झाला. मांसासाठी पाळलेल्या गाईबैलांच्या कानात हार्मोनच्या गोळ्या बसवायची पद्धत तिथे आजही आहे, कोंबडीसाठी मात्र कुठल्याही हार्मोनला परवानगी नाही. गाईबैलांची ही बातमी फिरत फिरत कोंबडीच्या नावावर लागली असावी.

आता मुलींच्या पाळीचं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असताना कापला जातो. कोंबडी वयात येते अठरा-वीस आठवड्यांनी, म्हणजे ब्रॉयलर हे आकाराने मोठं झालेलं पिल्लूच आहे आणि त्याच्या अंगात स्वतःचं स्त्री-हार्मोनही फारसं नसतं. अंड्यावर आलेल्या गावरान कोंबडीत ते त्याहून जास्त असतं, आणि अंड्याच्या बलकातही थोडं असतंच. ते धोक्याचं नाही, कारण आपलं शरीर स्वतः त्याच्या कितीतरी पट बनवतं. पण हार्मोनला भिऊन ब्रॉयलर सोडायचा आणि अंडी खायची, हा सल्ला त्याच्याच तर्काने उलटा पडतो.

युरोपात पाळी सुरू होण्याचं वय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोळा-सतराहून तेराच्या आसपास आलं. तेव्हा ब्रॉयलरचा धंदा नीट सुरूही झाला नव्हता. पोट भरून खाणं आणि कमी आजारपण ही त्याची मोठी कारणं. आज त्यात वजनाची भर पडली आहे, कारण शरीरातली चरबी वाढली की मेंदूला वयात येण्याचा इशारा लवकर मिळतो. शेजारणीला मी एवढंच म्हटलं की मुलीला आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली तर चिकन बंद करून वाट बघायची नसते, बालरोगतज्ज्ञांकडे जायचं असतं. तिच्या मुलीचं तसं काही नव्हतं.

काळजी करायचीच असेल तर अँटिबायोटिकची करा. ती शेडमध्ये खरंच असतात. आजारी बॅचला पाण्यातून दिली जातात, आणि आजार नसतानाही वाढ बरी व्हावी म्हणून देण्याची सवय या धंद्याला लागली होती. दिल्लीतल्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये तिथल्या परिसरातून चिकनचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांत अंश सापडले. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन जनावरांना द्यायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो, तेवढ्यात ते अंगातून निघून जातं. भाव चढला की नेमके हेच दिवस पाळले जात नाहीत, हे मी पाहिलं आहे. धोका लहान मुलगी मोठी दिसण्याचा नाही. औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा आहे. नीट शिजवल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश जाईलच असं नाही. अंश कलेजीत आणि मूत्रपिंडात जास्त असू शकतो, म्हणून लहान मुलांना आठवड्यातून अनेकदा कलेजी देऊ नये असं मला वाटतं. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये, हे तर सगळ्यांसाठीच.

राहिलं प्रोटीन. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन. दुकानातून आणलेल्या एक किलो करी-कटमधून हाडं वजा केली तर साधारण ६५० ग्रॅम मांस उरतं आणि त्यात सुमारे १३० ग्रॅम प्रोटीन. एक किलो अख्खा बांगडा साफ करून काटे काढले की ५५०-६०० ग्रॅम खायला मिळतो, त्यात ११० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो चिकन, एकवीस-बावीस अंडी आणि सव्वा किलोहून थोडा कमी बांगडा हे प्रोटीनच्या हिशेबात एकाच तोलाचे. आपल्या बाजारातले त्या दिवशीचे भाव या तिघांसमोर मांडा, स्वस्त काय ते लगेच दिसेल. बहुतेक दिवस अंडी जिंकतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि त्यातलं बरंचसं पोळी-भात-डाळीतून येतंच, त्यामुळे दोन अंड्यांची भरही पुष्कळ होते.

प्रोटीनचा दर्जा तिघांचाही उत्तम आहे, फरक बाकीच्या गोष्टींत आहे. अंड्याच्या बलकात कोलिन आणि अ जीवनसत्त्व चांगलं असतं, म्हणून बलक फेकून पांढरं खाणारी मुलं पाहिली की मला वाईट वाटतं. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-३, ड आणि बी-१२ भरपूर. ते ब्रॉयलरमध्ये नगण्य किंवा कमी असतात. चिकनची बाजू अशी की कमी चरबीत एका ताटात सगळ्यात जास्त प्रोटीन तेच देतं, आणि काट्याला घाबरणारी मुलंही ते खातात. ताज्या बोंबलावर मात्र प्रोटीनसाठी विसंबू नका, तो बहुतेक पाणीच असतो. गरोदर बाईने मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्या अंगात पारा साठतो. लहान बांगड्या-तारलीत तो फार कमी असतो.

शेजारणीच्या घरी आता रोज एक अंडं, बुधवारी बांगडा किंवा तारली आणि रविवारी चिकन असं ठरलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारा समुद्री मासा बराचसा बर्फातला किंवा लांबून आलेला असतो. त्या दोन महिन्यांत बुधवारीही अंडा करी करायची असं तिने स्वतःच सांगितलं.