पाटी सोडा, पावती बघा : परभणीच्या एका वाचकाला उत्तर

*वाचकाची प्रतिक्रिया :*
*"ताई, लेख वाचला. आयुष्य शिक्षकीत गेलं म्हणून बोलतो. ट्रस्ट असो, सोसायटी असो की कंपनी, सामान्य माणसाला बिल तेवढंच येतं. आमच्याकडे प्रत्येक शिक्षण मंडळ एका घराचं आहे आणि संस्था राजरोस विकल्या जातात. मग हे नोंदणी क्रमांक बघून रुग्णाच्या नाहीतर विद्यार्थ्याच्या हाती काय पडणार? पुतणीला इंजिनिअरिंगला घातलंय, तिथेही विचारायची सोय नाही. तुमचं लिखाण कागदावरच छान आहे."*

सर, नमस्कार. रुग्णालय किंवा कॉलेज ट्रस्टचं, सोसायटीचं की कंपनीचं ते नोंदणी क्रमांकावरून ओळखावं, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. त्याने हाती काय पडतं ते सांगताना बिलापासूनच सुरुवात करते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 मध्ये कलम 41 क क म्हणून एक तरतूद आहे. शासनाची सवलत घेणाऱ्या आणि वर्षाचा खर्च पाच लाखांच्या वर असलेल्या धर्मादाय रुग्णालयांना ती लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिची योजना ठरवून दिली. अशा रुग्णालयाला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत ठेवाव्या लागतात आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून 2 टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. शेजारच्या प्रायव्हेट लिमिटेड रुग्णालयावर यातलं काहीही बंधनकारक नाही. दोन्हीकडे दर सारखे लावलेले असले, तरी एका ठिकाणी तुमच्या हातात अर्ज आहे आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त विनंती.

आमच्या नात्यातलंच एक प्रकरण सांगते. औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी, मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं. लातूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. पाटीवर 'मेमोरियल हॉस्पिटल' एवढंच. काउंटरवर सवलतीचं विचारलं तर उत्तर आलं, "हे प्रायव्हेट आहे, सरकारी नाही." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. धर्मादाय रुग्णालयही खासगीच असतं.

मी त्यांना अनामत रकमेची पावती आणि आतापर्यंतची सगळी बिलं फोटो काढून पाठवायला सांगितली. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात एका वैद्यकीय प्रतिष्ठानाचं नाव होतं, पुढे 'संचलित', आणि नोंदणी क्रमांक 'ई' या अक्षराने सुरू होणारा. एवढ्यावरून कळलं की रुग्णालय सार्वजनिक न्यासाचं, म्हणजे ट्रस्टचं आहे. औषधांच्या बिलावर मात्र दुसरंच नाव होतं, मेडिकल स्टोअरचं, आणि त्याचा GSTIN, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, वेगळा. तपासणी केंद्राचं बिल तिसऱ्याच नावाचं, वर 'प्रा. लि.' छापलेलं. एका छताखाली तीन मालक. रुग्णाला हे कोणी सांगत नाही आणि बिलं हातात घेऊन बसल्याशिवाय कळतही नाही.

GSTIN चा उपयोग इथे होतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालकाचा प्रकार सांगतं, म्हणजे GSTIN मधलं सहावं अक्षर बघायचं. P असेल तर एकटी व्यक्ती, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी, T असेल तर न्यास. सोसायटीचा पॅन T चाही सापडतो आणि A चाही, म्हणून न्यास की सोसायटी एवढा फरक पॅनवरून ठरवू नये. त्या मेडिकल स्टोअरचं सहावं अक्षर F होतं. म्हणजे न्यासाने आतली जागा एका भागीदारी संस्थेला दिली होती.

मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड जोडून वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला आणि त्याची प्रत धर्मादाय कार्यालयात दिली. खाट, शुश्रूषा आणि शस्त्रक्रियेचं शुल्क लागलं नाही. भांडण झालं ते हाडात बसवलेल्या रॉडचं, कारण तो मेडिकल स्टोअरच्या बिलात होता आणि 'स्टोअर आमचं नाही' असं रुग्णालयाचं म्हणणं. योजनेप्रमाणे निर्धन रुग्णाची औषधं, साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू खरेदी किमतीला धरून निधीतून भागवायच्या असतात, दुकान कोणाचंही असो. धर्मादाय कार्यालयातून विचारणा झाल्यावर तेही मान्य झालं. तपासणी केंद्राला आधीच भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. पहिल्याच दिवशी पावती वाचली असती तर तेही वाचले असते. त्यातही तातडीचा जीवघेणा प्रसंग असेल तर अशा रुग्णालयाला आधी दाखल करून घ्यावंच लागतं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावे लागतात. निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही.

आता नंबराचं. सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीत 'ई' म्हणजे साधारणपणे धर्मादाय न्यास आणि 'एफ' म्हणजे सोसायटी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झालेली सोसायटी आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. म्हणून बहुतेक शिक्षण मंडळांच्या लेटरहेडवर दोन नंबर असतात, एक 'महा.' ने सुरू होणारा आणि दुसरा 'एफ' चा. 'ही सोसायटी आहे, धर्मादाय आयुक्तांचा आमच्याशी संबंध नाही' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

मराठवाड्यात हा नंबर शोधताना एक अडचण नेहमी येते. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा झाला. हिंगोलीच्या जुन्या संस्थेच्या नंबरापुढे 'परभणी' असू शकतं, लातूरच्या जुन्या संस्थेपुढे 'उस्मानाबाद'. त्याहून जुन्या संस्था निजामी राजवटीतल्या, 1350 फसलीच्या हैदराबाद कायद्याखाली नोंदलेल्या. त्यांच्या नोंदणी पत्रावर इसवी सनच नसतं, म्हणून ती बनावट समजू नयेत. मुख्य कार्यालय दूर असेल तर नोंदही दूरच असते. छत्रपती संभाजीनगरचं मिलिंद महाविद्यालय पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, आणि ती संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये मुंबईत स्थापन केलेली. त्याच शहरातल्या डॉ. हेडगेवार रुग्णालयाची चालक संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान आहे. दोन्हीकडे पाटीवरच्या नावाने शोधलं तर charity.maharashtra.gov.in वर हाती काही लागायचं नाही. शोध घ्यायचा तो चालक संस्थेच्या नावाने.

संस्था विकण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर सविस्तर लिहिते, कारण माझं रोजचं काम संस्थांच्या हिशोबांचंच आहे. कंपनी विकता येते. शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले की मालक बदलला, आणि ते कायदेशीर आहे. न्यास किंवा सोसायटी अशी विकता येत नाही, कारण तिच्यात कोणाचा हिस्साच नसतो. तिची जमीन किंवा इमारत विकायची तरी त्याच 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मग आपल्याकडे 'अमक्याने संस्था घेतली' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय होतं? जुने सदस्य एकापाठोपाठ राजीनामे देतात, नवे सदस्य घेतले जातात, नवी कार्यकारिणी निवडली जाते. पैसे कुठे फिरले ते कागदावर येत नाही, पण माणसं बदलली ते यावंच लागतं. कलम 22 प्रमाणे असा प्रत्येक बदल 90 दिवसांत कळवायचा असतो. कार्यालयात त्याला सगळे 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात.

हा व्यवहार उघड करणारा कागद म्हणजे परिशिष्ट एक, 'शेड्यूल वन'. त्यात विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि मंजूर झालेले बदल असतात. अर्ज करून त्याची नक्कल मिळते. ती घेऊन मी दोनच गोष्टी बघते. थोड्याच दिवसांच्या अंतराने बहुतेक सगळी नावं बदललीत का? आणि आज संस्थेचे अध्यक्ष म्हणून मिरवणाऱ्याचं नाव त्यात आहे का? कित्येकदा ते नसतं, उलट वारलेल्या माणसांची नावं अजून असतात. याचा अर्थ चेंज रिपोर्ट दाखलच केलेला नाही, किंवा दोन गटांच्या वादात तो वर्षानुवर्षं पडून आहे. एकाच आडनावाची माणसं असणं हा मात्र गुन्हा नाही. न्यासाच्या पत्रात विश्वस्त तहहयात ठेवता येतात. सोसायटीत सभासद असतात, सभा असते, निवडणूक असते. म्हणून सोसायटीत एक घर दिसलं तर सभासद यादी आणि घटना मागायची. तुमच्या परभणीतल्या मंडळांपैकी पुष्कळ 'एफ' चीच निघतील.

राहिली पुतणी. विद्यापीठाला संलग्न खासगी कॉलेज चालवणारी संस्था न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 ची ना-नफा कंपनी यांपैकीच असावी लागते. नफा वाटणाऱ्या कंपनीला ते चालवता येत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजला एआयसीटीईचं मान्यता पत्र येतं. बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर ते असतं आणि त्यात चालक संस्थेचं नाव स्पष्ट असतं. ते नाव फीच्या पावतीवरच्या नावाशी जुळवून बघा. फी एका नावाने, वसतिगृहाचे पैसे दुसऱ्या नावाने, आणि बसचे तिसऱ्याच्या खात्यात जात असतील तर ती नावं टिपून ठेवा. संस्थेबाहेर पैसा नेण्याची ही नेहमीची वाट आहे. त्यातलं एखादं नाव कंपनीचं असेल तर कंपनी कायद्याने बिलावर आणि लेटरहेडवर तिचा CIN, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापावा लागतो. तो साधारण असा दिसतो :

```
U80301MH2014NPLxxxxxx
```

वर्षानंतरची तीन अक्षरं बघायची. NPL म्हणजे ना-नफा, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. 'फाउंडेशन' नाव लावलेल्या कलम 8 कंपनीच्या नावात 'लिमिटेड' नसतं, त्यामुळे ती ट्रस्टसारखी वाटते. पण तिची कागदपत्रं धर्मादाय कार्यालयात शोधून उपयोग नाही. ती mca.gov.in वर असतात. प्राथमिक माहिती मोफत दिसते, ताळेबंद आणि संचालकांची कागदपत्रं 100 रुपये भरून बघता येतात.

विचारायची सोय म्हणाल तर शिक्षकांचे पगार अनुदानातून होणाऱ्या कॉलेजला थेट माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शासनाच्या भरीव पैशावर चालणाऱ्या संस्था या कायद्याखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात म्हटलं आहे. पुतणीचं कॉलेज विनाअनुदानित असेल तर अर्ज कॉलेजला न करता धर्मादाय कार्यालयाला करा, ते शासकीय कार्यालय आहे. चालक संस्थेचं नाव, एफ नंबर, आणि मागणी एवढीच लिहा : परिशिष्ट एकची प्रत, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, प्रलंबित चेंज रिपोर्टांची यादी. लेखापरीक्षण अहवाल दाखलच झालेले नसतील तर तसं लेखी उत्तर मागा. पुतणीच्या फीच्या पावतीचा फोटो इथेच टाका, तिचं नाव आणि नंबर झाकून. चालक संस्थेचा नंबर कुठल्या जिल्ह्याच्या नोंदवहीत शोधायचा ते मी बघून सांगते.