वूंड-वेटमध्ये रोलबॅक खरोखरच जास्त होतात का?

“डेडलॉक टाळायचा तर वेट-डाय वापरा. ती नव्या ट्रान्झॅक्शनला फक्त परत पाठवते. वूंड-वेट मात्र चालू ट्रान्झॅक्शन मारते, म्हणून तिच्यात रोलबॅक जास्त. दोन्हींत एक रोलबॅक म्हणजे एक डेडलॉक टळला असे समजायचे. रोलबॅक झालेल्याला नवा टाइमस्टॅम्प देऊन पुन्हा सुरू केले की झाले.”

डेडलॉक टाळण्याच्या दोन पद्धतींबद्दल असे विधान प्रसृत झाले आहे; ते तपासून पाहू. रोझेनक्रांट्झ, स्टर्न्स आणि लुइस यांनी १९७८ मध्ये वितरित डेटाबेससाठी या दोन्ही पद्धती मांडल्या. ट्रान्झॅक्शन सुरू होताना त्याला टाइमस्टॅम्प मिळतो, आणि ज्याचा आकडा लहान ते ज्येष्ठ. वेट-डायमध्ये लॉक मागणारे ज्येष्ठ असेल तर ते थांबते, आणि कनिष्ठ असेल तर स्वतःच रोलबॅक होते. वूंड-वेटमध्ये मागणारे ज्येष्ठ असेल तर लॉक धरून बसलेल्या कनिष्ठाला रोलबॅक करायला लावते, आणि मागणारे कनिष्ठ असेल तर थांबते. म्हणजे पहिलीत फक्त ज्येष्ठ कनिष्ठासाठी थांबते आणि दुसरीत फक्त कनिष्ठ ज्येष्ठासाठी; सगळे थांबणे एकाच दिशेने होत असल्यामुळे प्रतीक्षेचे वर्तुळ कधीच पूर्ण होत नाही.

रोलबॅकच्या संख्येचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. समजा, ज्येष्ठ ट्रान्झॅक्शनचा टाइमस्टॅम्प १० आहे आणि ते ‘अ’ खात्यातून ‘ब’ खात्यात पैसे वळवते. कनिष्ठाचा टाइमस्टॅम्प २० आहे आणि ते ‘ब’मधून ‘अ’मध्ये वळवते. ज्येष्ठाने ‘अ’ लॉक केले आहे आणि कनिष्ठाने ‘ब’. आता कनिष्ठ ‘अ’ मागते आणि लगेच पाठोपाठ ज्येष्ठ ‘ब’ मागते. कोणतीही काळजी घेतली नसती, तर दोन्ही एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमची अडकली असती, म्हणजेच इथे डेडलॉक झाला असता.

वेट-डायमध्ये ‘अ’ मागताच कनिष्ठ रोलबॅक होते आणि त्याने धरलेले ‘ब’ सुटते. ज्येष्ठाला ‘ब’ मिळते आणि, समजा, त्याचे उरलेले काम ९० मिलिसेकंदांचे आहे. कनिष्ठ दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू होते असे धरू. ते २०व्या मिलिसेकंदाला परत येते आणि पहिले लॉक म्हणून ‘ब’ मागते. पण ‘ब’ आता ज्येष्ठाकडे आहे, आणि नियमाप्रमाणे कनिष्ठाला थांबता येत नाही, म्हणून ते पुन्हा रोलबॅक होते. ४०, ६० आणि ८० मिलिसेकंदांना हेच घडते आणि १००व्या मिलिसेकंदाला त्याला वाट मोकळी मिळते. एका संघर्षापायी पाच रोलबॅक झाले.

तोच क्रम वूंड-वेटमध्ये पाहा. कनिष्ठ ‘अ’ मागते आणि थांबते. ज्येष्ठ ‘ब’ मागते, तेव्हा कनिष्ठ रोलबॅक होते आणि ‘ब’ ज्येष्ठाला मिळते. पुन्हा सुरू झालेले कनिष्ठ ‘ब’ मागते आणि या वेळी त्याला रांगेत थांबण्याची मुभा असते. ज्येष्ठाने कमिट केले की ते पुढे जाते. रोलबॅक एकच झाला. ज्येष्ठाने ‘ब’ आधी मागितले असते, तरीही हीच संख्या आली असती. फरक पडतो तो पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या वागणुकीमुळे, आणि प्रसृत झालेल्या विधानात नेमका त्याचाच विचार नाही.

वेट-डायच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपल्या उदाहरणातले नंतरचे चार रोलबॅक स्वस्त आहेत, कारण कनिष्ठ पहिल्याच लॉकपाशी परत फिरते. मात्र ‘ब’ मागण्यापूर्वी त्याला शेकडो नोंदी बदलाव्या लागत असतील, तर ते सगळे काम दर खेपेला वाया जाते. यावर उपाय आहे: रोलबॅक झालेल्या ट्रान्झॅक्शनला ज्या लॉकमुळे परतावे लागले ते सुटेपर्यंत पुन्हा सुरूच करू नये. त्या वेळी त्याच्या हातात एकही लॉक नसते, म्हणून त्याच्या थांबण्याने वर्तुळ तयार होऊ शकत नाही. आपल्या प्रणालीत हा त्रास आहे का, हे ओळखण्यासाठी लॉगमध्ये एकच टाइमस्टॅम्प एकाच लॉकवर ओळीने किती वेळा बाद झाला ते पाहावे.

एका रोलबॅकमागे एक डेडलॉक असतो, हे गणितही चुकीचे आहे. दोन्ही पद्धती वर्तुळ शोधत नाहीत. त्या फक्त दोन आकड्यांची तुलना करतात. आपल्या उदाहरणात ज्येष्ठाला ‘ब’ कधीच लागणार नसते, तर डेडलॉकचा प्रश्नच नव्हता. वेट-डायने मात्र ‘अ’ मागताच कनिष्ठाला तरीही बाद केले असते, आणि वूंड-वेटमध्ये ते नुसते थांबले असते. याच्या उलट, कनिष्ठाला ‘अ’ लागणारच नसते आणि ज्येष्ठाने ‘ब’ मागितले असते, तर वेट-डायमध्ये ज्येष्ठ निमूटपणे थांबले असते आणि वूंड-वेटमध्ये कनिष्ठाचा विनाकारण बळी गेला असता. म्हणजे अनावश्यक रोलबॅक दोन्हीकडे आहेत. मागणारे कोण आणि धारक कोण यावर ते कोणाच्या वाट्याला येतात हे ठरते. माझ्या मते यातही वेट-डायची बाजू बहुधा पडती असते, कारण ज्येष्ठ जास्त वेळ चाललेले असल्यामुळे त्याच्याकडे लॉक जास्त साठलेली असतात आणि कनिष्ठ त्यांवर येऊन आदळण्याची शक्यता अधिक असते.

शिवाय ‘वूंड’ म्हणजे तत्काळ वध नव्हे. कनिष्ठ कमिटच्या टप्प्यात पोहोचले असेल, तर त्याला ते पूर्ण करू दिले जाते. लिनक्स कर्नलमधील `ww_mutex` या लॉकची वूंड-वेट रचना आणखी सावध आहे: जखमी झाल्याची खूण केलेले ट्रान्झॅक्शन नवे लॉक मागताना अडले, तरच माघार घेते. वर दिलेल्या शेवटच्या प्रसंगात कनिष्ठाला दुसरे लॉक नकोच होते. अशा रचनेत ते आपले काम संपवून ‘ब’ सोडेल आणि अनावश्यक रोलबॅक टळेल.

नव्या टाइमस्टॅम्पचा सल्ला मात्र थेट घातक आहे. बाद झालेल्या कनिष्ठाला ६० हा आकडा दिला, तर दरम्यान सुरू झालेली ३०, ४० आणि ५० ही ट्रान्झॅक्शन त्याच्यापेक्षा ज्येष्ठ ठरतात, आणि ‘ब’ हे गर्दीचे खाते असेल तर त्याची पाळी कितीही लांबू शकते. जुना २० हाच आकडा कायम ठेवला, तर त्याच्याहून ज्येष्ठ असलेली ट्रान्झॅक्शन एकेक करून संपतात, आणि चालू असलेल्यांत जे सर्वांत ज्येष्ठ असते ते या नियमांमुळे कधीच बाद होत नाही.

मग वेट-डाय कुठे वापरावी? तिच्यात ट्रान्झॅक्शन फक्त स्वतः लॉक मागताना बाद होते, त्यामुळे चूक हाताळण्याची जागा ठरलेली असते. वूंड-वेटमध्ये दुसऱ्याच मशिनवर चालू असलेल्या ट्रान्झॅक्शनला थांबवण्याची सोय लागते, आणि क्लायंटला कोणत्याही टप्प्यावर, अगदी कमिट मागतानाही, नकार स्वीकारावा लागतो. गूगलच्या स्पॅनर या वितरित डेटाबेसने ही किंमत मोजून वूंड-वेट निवडली आहे. ज्या प्रणालीत धारकाला बाहेरून थांबवता येत नाही, तिथे वेट-डायच घ्यावी, पण बाद झालेल्याला अडवणारे लॉक सुटेपर्यंत थांबवून ठेवण्याची व्यवस्था करूनच.