साताऱ्याची लोकसंख्या बावन्न हजार

मागच्या महिन्यात एका संस्थेसाठी जिल्हावार तक्ता करत होतो. दर लाख लोकसंख्येमागे अंगणवाड्या किती, एवढंच काढायचं होतं. अंगणवाड्यांची देशभराची यादी एका खात्याकडून आलेली, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. दोन्हीकडे जिल्ह्याचा तीन आकडी कोड होताच. म्हटलं, नावं कशाला जुळवत बसू? जनगणनेत बीडचं स्पेलिंग वेगळं, रायगडचं वेगळं. `VLOOKUP` लावला, जवळपास सगळे रकाने भरले, आणि मी निवांत चहाला गेलो.

तक्ता बघून साताऱ्याच्या एका सहकारी ताईंचा फोन आला. "अहो, आमच्याकडे माणसांपेक्षा अंगणवाड्या जास्त झाल्यात की काय?" बघतो तर साताऱ्याची लोकसंख्या जेमतेम बावन्न हजार. खरी आहे तीस लाख. हे बावन्न हजार लोक होते दीवचे. हो, समुद्राकाठचं ते दीव-दमणमधलं दीव!

झालं काय होतं ते सांगतो, कारण त्यातच हे कोड कसे वाचायचे तेही येतं.

२०११ च्या जनगणनेत राज्याला दोन आकडे, जिल्ह्याला तीन, तालुक्याला पाच आणि गावाला किंवा शहराला सहा. महाराष्ट्र २७, गोवा ३०. (जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो तो याच यादीमुळे.) जिल्ह्यांचे क्रमांक मात्र प्रत्येक राज्यात नव्याने सुरू होत नाहीत. देशात तेव्हा ६४० जिल्हे होते आणि क्रमांक १ ते ६४० असे सलग. महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१, उत्तर गोवा ५८५, दक्षिण गोवा ५८६. तालुके आणि गावंही तशीच देशभर सलग. म्हणजे नुसता सहा आकडी क्रमांक हातात असला तरी गाव पक्कं सापडतं. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे आठवा, म्हणजे याची किंमत कळेल. सहा आकड्यांतला पहिला ८ असेल तर ते गाव नाही, शहर आहे.

वरच्या पातळीची ओळ ओळखायची ती शून्यांवरून:

```
27  000  00000  000000
27  527  00000  000000
```

पहिली ओळ अख्ख्या महाराष्ट्राची, दुसरी अख्ख्या सातारा जिल्ह्याची. तालुक्याच्या जागी खरा आकडा आला आणि गावाच्या जागी शून्यं राहिली, तर ती तालुक्याची एकूण. मूळ फाइलमध्ये या सगळ्या ओळी एकाखाली एक असतात, शिवाय प्रत्येकीच्या एकूण, ग्रामीण, शहरी अशा वेगळ्या ओळी. अख्ख्या रकान्याची बेरीज मारली की तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. एक्सेल आणखी एक गंमत करतं, पुढची शून्यं खाऊन टाकतं. तेव्हा देशात सहा हजारांच्या आत तालुके होते, त्यामुळे तालुक्याचा पाच आकडी कोड कायम शून्यानेच सुरू होतो. तुमच्या फाइलमध्ये तो चार आकडी दिसला, की समजा कुणीतरी ती डबल-क्लिक करून उघडली आणि तशीच सेव्ह केली. रकाना आधी `Text` करून मग आयात करायचा.

जनगणनेचा क्रम मला मनापासून आवडतो. तो अक्षरांनुसार नाही, जमिनीनुसार आहे. वायव्येच्या कोपऱ्यातून सुरुवात. नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९, बुलढाणा ५००, मग विदर्भातून पूर्वेकडे जात गोंदिया, गडचिरोली. तिथून वळून चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, मराठवाड्यातून परत पश्चिमेला नाशिक, ठाणे. पुन्हा वळायचं, ते शेवटी सांगलीला ५३१ वर थांबायचं. नांगरताना बैल बांधाशी वळून परत येतात ना, तसंच. म्हणून लागोपाठचे क्रमांक बहुधा शेजाऱ्यांचे असतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण २०११ च्या यादीत तो ५१५ च.

आता माझी चूक. खात्याच्या यादीतले कोड जनगणनेचे नव्हतेच. ते होते पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे, म्हणजे एलजीडीचे. त्यांनीही जिल्ह्यांना तीन आकडी क्रमांक दिले, पण आपल्या राज्यात ते इंग्रजी आद्याक्षरांनुसार लावले. अहमदनगर ४६६, अकोला ४६७, असं करत पुणे ४९०, सातारा ४९४, ठाणे ४९७, यवतमाळ ५००. जनगणनेत ४९० म्हणजे गुजरातमधलं नवसारी आणि ४९४ म्हणजे दीव. त्यामुळे माझ्या तक्त्यात पुण्याच्या वाट्याला नवसारीची माणसं आली, साताऱ्याच्या वाट्याला दीवची आणि ठाण्याच्या वाट्याला नंदुरबारची. दोन्ही याद्या देशभराच्या, दोन्हीकडे तेच आकडे, त्यामुळे या पस्तीस जिल्ह्यांना एरर कुठून येणार? नुसत्या महाराष्ट्राच्या दोन याद्या असत्या तर पस्तीसपैकी चारच जिल्हे जुळले असते आणि मी लगेच सावध झालो असतो.

त्या चारांत यवतमाळ आहे, आणि मला खरी धास्ती त्याची वाटते. एलजीडीत यवतमाळ ५००, जनगणनेत ५०० बुलढाणा. २०११ ला यवतमाळची लोकसंख्या २७.७ लाख, बुलढाण्याची २५.९ लाख. हा घोटाळा कुठल्या ताईंच्याही नजरेला पडला नसता. सातारा दीवला जाऊन बसला म्हणून बाकीचे वाचले, एवढंच.

गावांच्या बाबतीत एवढा गोंधळ नाही. एलजीडीने बहुतेक जुन्या गावांसाठी २०११ चाच सहा आकडी क्रमांक ठेवला आहे. पण त्यानेच माणूस फसतो. गावं छान जुळतात, मग वाटतं जिल्हेही जुळणारच.

माझं मत तिखट वाटेल, पण कुठल्याही खात्याने रकान्याचं नाव नुसतं `district_code` ठेवून यादी देऊच नये. `dist_c2011` किंवा `dist_lgd` लिहायला कितीसा वेळ लागतो? वर्ष तर हवंच, कारण २००१ ची पद्धत आणखी निराळी होती. तेव्हा जिल्ह्याचा कोड दोन आकडी आणि प्रत्येक राज्यात १ पासून. नंदुरबार ०१, पुणे २५, सातारा ३१. दोन्ही वेळी आपले जिल्हे तेच पस्तीस आणि क्रमही तोच, त्यामुळे महाराष्ट्रापुरतं २००१ च्या कोडात ४९६ मिळवले की २०११ चा येतो. हा हिशेब दुसऱ्या राज्याला लावायला जाऊ नका, तिथे मधे भर पडलेली असू शकते.

आणि पालघर. ते झालं ऑगस्ट २०१४ मध्ये, त्यामुळे २०११ च्या यादीत त्याला क्रमांकच नाही, सगळं ५१७ ठाण्यात. सुदैवाने तोडताना तालुका मोडला नाही. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा या आठ तालुक्यांच्या ओळी ५१७ मधून उचलून बेरीज केली की पालघर उभं राहतं, जवळपास तीस लाखांचं. ठाण्याच्या १ कोटी १० लाखांतून तेवढे वजा करायला विसरायचं नाही. दुरुस्त तक्त्यात मी पहिल्यांदा तेच विसरलो होतो. ताईंना पुन्हा फोन करावा लागला.