कथेत दोनदाच बोलणारी मुलगी

आई-मुलीच्या कथांबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे. शेवटाकडे दोघी समोरासमोर बसतात आणि मुलगी वीस वर्षांचं साचलेलं घडाघडा बोलून टाकते. वाचताना डोळे भरून येतात, नाही असं नाही. पण इतकं मुद्देसूद बोलता येणाऱ्या मुलीचं तोंड इतकी वर्षं बंद कसं राहिलं, हे काही मला कळत नाही.

म्हणून मी पुन्हा पुन्हा जमैका किनकेडच्या 'गर्ल'कडे जाते. १९७८ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेली, जेमतेम दोन पानांची कथा. लेखिका किनकेड कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरची, आणि कथेतलं जगही तिथलंच. प्रसंग नाही, घराचं वर्णन नाही. आई सांगत सुटते आणि सूचनेला सूचना अर्धविरामाने जोडली जाते. पांढरे कपडे सोमवारी धू, रंगीत मंगळवारी. मुलगी दोनदाच बोलते, तेही तिरप्या अक्षरांत. पहिल्या वाचनात मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

त्यातलं पहिलं बोलणं नीट बघा. आई विचारते, रविवारच्या धर्मवर्गात तू बेना गातेस, हे खरं का? बेना म्हणजे तिथली चावट, गावगप्पांची लोकगाणी. उत्तरासाठी आई थांबतच नाही. जेवावं कसं, चालावं कसं, कुठल्या पोरांशी बोलू नये, रस्त्यात फळं खाऊ नयेत, आणि मध्येच 'धर्मवर्गात बेना गाऊ नकोस' अशी ताकीदही. म्हणजे निकाल लागला! आणि मग मुलीचं येतं: पण मी रविवारी गातच नाही. तोवर आई बटण कसं शिवायचं ते दाखवायला लागलेली असते.

या उशिरात मला अख्खं भांडण दिसतं. मुलीला उत्तर सुचलं नाही असं नाही, शिरायला फटच मिळाली नाही.

पण या आईला खलनायिका ठरवणारं वाचन मला उथळ वाटतं. ती वाईट चालीची ठरशील म्हणून मुलीला टोचत राहते, आणि त्याच सुरात गर्भ पाडायचं औषध कसं करायचं तेही सांगून टाकते. का सांगते, तिला स्वतःला कधी लागलं होतं का, याबद्दल अवाक्षर नाही. बापाचा खाकी शर्ट इस्त्री करण्याइतकंच तेही एक काम! नावडत्या माणसाकडे बघून कसं हसायचं, तेही ती शिकवते. हे ती कुणाकडे बघून शिकली असेल?

शेवटी आई म्हणते, पाव ताजा आहे की नाही ते नेहमी दाबून बघ. मुलगी दुसऱ्यांदा बोलते: पण पाववाल्याने हात लावू दिला नाही तर? या वेळी आईला ऐकू येतं. एवढं सगळं शिकवूनही, ज्या बाईला पाववाला पावाजवळ फिरकू देत नाही तसली बाई तू होणार आहेस का, असं ती विचारते. कथा त्या प्रश्नचिन्हावर थांबते. मुलीला तिथे पुढची ओळ नाही.